स्थिर वेगाचे वहन-समीकरण: कॅरॅक्टरिस्टिक रेषांनी उकल कशी काढावी

समीकरण दिसायला अगदी लहान आहे:

u_t + c u_x = 0,  u(x, 0) = f(x)

येथे x हे स्थान आहे, t हा काळ आहे आणि u(x, t) ही त्या ठिकाणी, त्या क्षणी मोजलेली एखादी राशी आहे. एकाच वेगाने वाहणाऱ्या पाण्यात मिसळलेल्या रंगाची संहती डोळ्यांपुढे ठेवली तरी चालेल. c हा स्थिर वेग आहे, तर f हे फल t = 0 या क्षणी ती राशी कोठे किती होती ते सांगते. u_t म्हणजे x स्थिर धरून t-सापेक्ष काढलेला आंशिक अवकलज आणि u_x म्हणजे t स्थिर धरून x-सापेक्ष काढलेला. यापुढचा कोणताही क्षण घेतला, तर रंग कोठे किती असेल, हे आपल्याला शोधायचे आहे.

पुष्कळांना याचे उत्तर u = f(x − ct) हे आधीच पाठ असते आणि ते बरोबरही आहे. अडचण अशी, की केवळ सूत्र पाठ असणारा विद्यार्थी समीकरणाच्या उजव्या बाजूला शून्याऐवजी दुसरे काही आले किंवा x-अक्षाला एका बाजूने सीमा आली, की तेच सूत्र तसेच्या तसे वापरतो आणि चुकतो. म्हणून या लेखात सूत्रावर भर न देता ज्या कृतीतून ते निघते ती कृती सावकाश पाहू. ती कृती एका वाक्यात सांगता येते: ज्या बिंदूवर u हवे आहे तेथून एका विशिष्ट रेषेवरून मागे चालत जावे आणि ती रेषा ज्या ठिकाणी दिलेल्या माहितीला भेटते तेथील किंमत उचलावी. त्या भेटीच्या जागेला मी या लेखात रेषेचा ‘पायथा’ म्हणेन.

रेषा कोठून येते

समजा, एक निरीक्षक काठावर उभा न राहता x = X(t) या मार्गाने चालतो आहे आणि चालता चालता u मोजतो आहे. त्याला t या क्षणी दिसणारी किंमत u(X(t), t) आहे. ही आता एकाच चलाची, म्हणजे फक्त t ची, गोष्ट झाली. त्यामुळे तिचा बदलाचा दर शृंखला नियमाने काढता येतो:

d/dt [u(X(t), t)] = u_t + X'(t) u_x

ही ओळ आणि मूळ समीकरण शेजारी शेजारी ठेवून पाहावे. समीकरणात u_x चा गुणक c आहे, येथे X'(t) आहे. निरीक्षकाने आपला वेग नेमका c ठेवला, तर उजवी बाजू हुबेहूब समीकरणाची डावी बाजू होते आणि ती शून्य आहे. म्हणजे c वेगाने चालणाऱ्या निरीक्षकाला u ची किंमत बदलताना दिसतच नाही. आंशिक अवकल समीकरणातून आपण अशी दोन साधी अवकल समीकरणे मिळवली, एक मार्गासाठी आणि एक त्या मार्गावरच्या किमतीसाठी:

dX/dt = c,  dU/dt = 0

येथे U(t) हे u(X(t), t) चे संक्षिप्त रूप आहे. dU/dt आणि u_t यांतला फरक मात्र मनात पक्का करावा. u_t हा एका जागी खिळून उभ्या असलेल्या माणसाला दिसणारा दर आहे, dU/dt हा चालणाऱ्याला दिसणारा. वहन-समीकरणात दुसरा शून्य असतो, पहिला सहसा नसतो; ‘u स्थिर आहे, म्हणून u_t = 0’ असे उत्तरपत्रिकेत लिहिणारे याच ठिकाणी घसरलेले असतात.

पहिले समीकरण सोडवले, की X(t) = x₀ + ct मिळते; x₀ म्हणजे निरीक्षक t = 0 ला जेथून निघाला ती जागा. याच रेषांना कॅरॅक्टरिस्टिक रेषा म्हणतात आणि x₀ हा अशा रेषेचा पायथा. दुसरे समीकरण सांगते, की रेषेवर सगळीकडे किंमत पायथ्याशी होती तीच राहते, म्हणजे U = f(x₀).

आता उरते ती शेवटची, पण विसरली जाणारी पायरी. आपल्याला उत्तर x आणि t मध्ये हवे आहे आणि हाती आहे x₀. दिलेला बिंदू (x, t) ज्या रेषेवर आहे त्या रेषेसाठी x = x₀ + ct, म्हणून x₀ = x − ct आणि

u(x, t) = f(x − ct).

हे एकच उत्तर का, याचेही कारण रेषांतच आहे. सगळ्या रेषांचा वेग तोच असल्यामुळे त्या परस्परांना समांतर आहेत, कोणत्याही दोन रेषा एकमेकींना छेदत नाहीत, पटलावरचा प्रत्येक बिंदू नेमक्या एका रेषेवर असतो आणि प्रत्येक रेषा t = 0 या रेषेला नेमकी एकदाच भेटते. वेग u वर अवलंबून असता, तर रेषा एकमेकींवर आदळू शकल्या असत्या आणि एकाच बिंदूला दोन पायथे मिळाले असते. तो विषय वेगळा आहे. स्थिर वेगात ती आपत्ती येत नाही.

आकृती काढताना

आडव्या अक्षावर x आणि उभ्या अक्षावर t घ्यावा, ही नेहमीची पद्धत. मग x = x₀ + ct या रेषेचा चढ c नसून 1/c असतो, कारण येथे t वर जातो आणि x आडवा. c = 2 असेल, तर रेषा दोन घरे उजवीकडे आणि एक घर वर अशी जाते. वेग जितका जास्त, तितकी रेषा आडवी पडते. वेग शून्य असेल तर ती सरळ उभी राहते. मी स्वतः शिकत असताना पहिल्या आकृतीत चढ 2 घेऊन सगळ्या रेषा खड्या काढल्या होत्या आणि सूत्राने आलेले उत्तर आकृतीशी का जुळत नाही, म्हणून संध्याकाळभर सूत्रातच चूक शोधत बसलो होतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत

c = 2 घेऊ आणि आरंभीचा आकार असा घेऊ: x = 0 ते x = 1 या भागात f(x) = 3x, x = 1 ते x = 3 या भागात f(x) = (9 − 3x)/2, आणि बाकी सगळीकडे f(x) = 0. आलेख काढला, तर डावीकडून झपाट्याने चढणारी, x = 1 ला 3 उंचीचे शिखर असलेली आणि उजवीकडे हळूहळू उतरणारी एक टेकडी दिसते. ही टेकडी मुद्दाम दोन बाजूंना असमान घेतली आहे. समान बाजूंचा आकार घेतला, तर f(x − ct) ऐवजी चुकून f(ct − x) सारखे काही लिहिले गेले तरी आकार तसाच दिसतो आणि चूक लपून राहू शकते. असमान आकार उलटला, की लगेच डोळ्यांत भरतो.

आता u(6, 2) काढू. (6, 2) मधून जाणारी रेषा दोन एकक काळ मागे न्यायची आहे आणि वेग 2 आहे, म्हणून ती 4 एकक डावीकडे जाते. पायथा x₀ = 6 − 4 = 2. हा पायथा टेकडीच्या उजव्या उतारावर पडतो, म्हणून दुसरे सूत्र लागू होते: f(2) = (9 − 6)/2 = 1.5. म्हणजे u(6, 2) = 1.5.

u(3.5, 1.5) साठी पायथा 3.5 − 3 = 0.5 येतो. तो डाव्या चढणीवर आहे, म्हणून f(0.5) = 1.5. u(3, 2) साठी पायथा 3 − 4 = −1 आहे; तेथे f शून्य आहे, म्हणून उत्तर शून्य. या तिन्ही उदाहरणांत क्रम एकच आहे: आधी पायथा काढायचा, मग तो f च्या कोणत्या तुकड्यात पडतो ते पाहायचे, आणि नंतरच किंमत घालायची. नवशिके हा क्रम उलटा करतात. x = 6 हा 0 ते 3 च्या बाहेर आहे, म्हणून u = 0, असे ते लिहून मोकळे होतात. तुकड्यांच्या सीमा x ला लागू नसून x − 2t ला लागू आहेत, हे सूत्र पूर्ण लिहिले की स्पष्ट होते:

0 ≤ x − 2t ≤ 1 असेल तर u = 3(x − 2t)
1 ≤ x − 2t ≤ 3 असेल तर u = (9 − 3(x − 2t))/2
अन्यथा u = 0

म्हणजे t = 1.5 ला टेकडी x = 3 पासून x = 6 पर्यंत पसरलेली आहे आणि तिचे शिखर x = 4 वर आहे. उंची तीच, रुंदी तीच. ती फक्त 3 एकक उजवीकडे सरकली आहे.

उत्तर तपासण्यासाठी प्रत्येक तुकड्याचे अवकलज काढून मूळ समीकरणात घालावेत. डाव्या चढणीवर u_x = 3 आणि u_t = −6, म्हणून −6 + 2 × 3 = 0. उजव्या उतारावर u_x = −3/2 आणि u_t = 3, म्हणून 3 + 2 × (−3/2) = 0. दुसऱ्या ओळीत u_t धन आहे, याकडे लक्ष द्यावे. टेकडीच्या पुढच्या, म्हणजे उजव्या, बाजूला उभ्या असलेल्या माणसाला शिखर जवळ येत असल्यामुळे राशी वाढताना दिसते, जरी कोठेही नवा रंग तयार होत नसला तरी.

हीच गोष्ट एका जागी उभे राहून नीट पाहण्याजोगी आहे. x = 6 वर एक मापक बसवला आहे असे समजू. t या क्षणी त्याचा पायथा 6 − 2t आहे, म्हणजे काळ पुढे जातो तसा पायथा डावीकडे सरकतो. पायथा 3 वर असतो t = 1.5 ला, तोपर्यंत मापक शून्य दाखवतो. पायथा 1 वर, म्हणजे शिखरावर, येतो t = 2.5 ला आणि 0 वर येतो t = 3 ला. म्हणून मापकाची नोंद एक एकक काळ हळूहळू चढते आणि पुढच्या अर्ध्या एककात झपाट्याने उतरते. स्थानाच्या आलेखात डावी बाजू खडी होती, काळाच्या आलेखात उजवी बाजू खडी आहे! आकार आरशातल्यासारखा उलटला आहे आणि वेग 2 असल्यामुळे रुंदीने निम्मा झाला आहे. एखाद्या ठिकाणच्या काळानुसार नोंदीवरून मूळ आकार शोधायचा असेल, तर हा उलटेपणा विसरला की उत्तर नेमके उफराटे येते.

चिन्हाची चूक कशी ओळखावी

f(x − ct) की f(x + ct), ही शंका बहुतेकांना येते, आणि ‘उणे म्हणजे डावीकडे’ अशी समजूत करून घेतली, तर उत्तर हमखास चुकते. पाठांतर करण्यापेक्षा शिखराचा माग काढावा. शिखर तेथे असते, जेथे कंसातली राशी 1 होते; x − 2t = 1 म्हणजे x = 1 + 2t, आणि हा x काळाबरोबर वाढतो. म्हणून u_t + 2u_x = 0 मध्ये आकार उजवीकडे जातो. u_t − 2u_x = 0 असेल, तर c = −2 आहे, पायथा x + 2t आहे आणि आकार डावीकडे जातो. समीकरण कधी 3u_t + 6u_x = 0 असे येते; तेव्हा आधी u_t च्या गुणकाने भागून घ्यावे, नाहीतर वेग 6 धरला जातो. एककांची तपासणीही येथे कामी येते: x मीटरमध्ये असेल, तर त्यातून वजा होणारी राशीही मीटरमध्येच हवी, आणि वेग गुणिले काळ हीच तशी राशी आहे. उत्तरात x − t/c दिसले, तर आकृतीतला चढ चुकून वेग म्हणून वापरला गेला आहे, असे समजावे.

टेकडीचे कोपरे

आपल्या टेकडीला x = 0, 1 आणि 3 येथे कोपरे आहेत, तेथे f चा अवकलज अस्तित्वातच नाही. साहजिकच x = 2t, x = 1 + 2t आणि x = 3 + 2t या तीन रेषांवर u_t आणि u_x ही नाहीत, आणि काटेकोरपणे पाहिले तर या रेषांवर समीकरण शब्दशः पाळले जात नाही. अशा उकलीला सौम्य अर्थाने उकल मानतात, आणि त्याचे समर्थन रेषांच्या भाषेत सोपे आहे: चालणाऱ्या निरीक्षकाला दिसणारी किंमत कोपऱ्यावरही स्थिरच असते, त्यासाठी u_x ची गरज लागत नाही. f ला सर्वत्र सतत अवकलज असेल, तर मात्र हा प्रश्नच उद्भवत नाही.

कोपरे बोथट होत नाहीत, ही या समीकरणाची खूण आहे. रेषा शेजारच्या रेषेशी काहीच देवाणघेवाण करत नाही, म्हणून t = 100 ला देखील शिखर तितकेच टोकदार आणि 3 उंचीचेच असते. संगणकावर सोडवलेल्या उत्तरात शिखर गोलसर झालेले आणि खाली बसलेले दिसले, तर तो गुण समीकरणाचा नसून वापरलेल्या आकडेमोडीच्या पद्धतीचा आहे.

उजवी बाजू शून्य नसेल तर

रंग वाहता वाहता विरतही असेल, तर समीकरण u_t + 2u_x = −u असे होऊ शकते. रेषा त्याच राहतात, कारण त्या डाव्या बाजूवरून ठरतात. बदलते ते फक्त दुसरे समीकरण: dU/dt = −U, म्हणून U = f(x₀)e^(−t) आणि u(x, t) = f(x − 2t)e^(−t). आधीचा बिंदू (6, 2) घेतला, तर पायथ्यावरची किंमत 1.5 हीच आहे, पण ती रेषेवरून वर येईपर्यंत e^(−2) पटीने घटते आणि उत्तर सुमारे 0.203 येते. ‘रेषेवर u स्थिर असते’ एवढेच लक्षात ठेवणाऱ्याचे येथे चुकते. रेषेवर एक साधे अवकल समीकरण पाळले जाते, आणि स्थिर राहणे हा त्याचा एक विशेष प्रकार आहे.

अक्षाला एक टोक असेल तर

आता क्षेत्र x ≥ 0 एवढेच आहे असे समजू; एखादी नळी, जिचे तोंड x = 0 वर आहे. वेग 2, आरंभीची टेकडी तीच. (2, 3) या बिंदूवर किंमत काय? सूत्र डोळे झाकून वापरले, तर पायथा 2 − 6 = −4 आणि f(−4) = 0. हे उत्तर निरुपद्रवी दिसते, पण त्याला आधार नाही, कारण x = −4 ही जागा आपल्या क्षेत्रातच नाही आणि तेथे f दिलेले नाही.

आकृतीत रेषेवरून मागे चालून पाहावे. (2, 3) मधून निघालेली रेषा डावीकडे खाली येते आणि t = 0 ला पोहोचण्याआधीच x = 0 या उभ्या भिंतीला भिडते. दोन एकक अंतर कापायला एक एकक काळ लागतो, म्हणून भिंतीला भेटण्याचा क्षण t₀ = 3 − 1 = 2. म्हणजे येथे पायथा आडव्या अक्षावर नसून उभ्या अक्षावर आहे आणि नळीच्या तोंडाशी t = 2 ला किती रंग सोडला जात होता, हे माहीत असल्याशिवाय उत्तर देता येत नाही. समजा u(0, t) = g(t) = t अशी अट दिली आहे; मग u(2, 3) = g(2) = 2.

सर्वसाधारणपणे x = 2t ही रेषा क्षेत्राचे दोन भाग करते. तिच्या उजवीकडे, x ≥ 2t असेल तेथे, पायथा आरंभीच्या रेषेवर असतो आणि u = f(x − 2t). डावीकडे, x < 2t असेल तेथे, पायथा भिंतीवर असतो आणि u = g(t − x/2). आपल्या उदाहरणात डाव्या भागात u = t − x/2 आहे; u_t = 1, u_x = −1/2 आणि 1 + 2 × (−1/2) = 0, म्हणून समीकरण पाळले जाते. f(0) = 0 आणि g(0) = 0 असल्यामुळे दोन्ही भाग x = 2t वर जुळतात. g(0) दुसरे काही असते, तर त्या रेषेवरून एक उडी कायमची पुढे जात राहिली असती.

वेग उलटा, म्हणजे c = −2 असेल, तर चित्र पालटते. आता रेषा मागे जाताना उजवीकडे झुकतात, पायथा x + 2t हा नेहमी क्षेत्रातच राहतो आणि भिंतीवरची किंमत आरंभीच्या माहितीवरूनच ठरते: u(0, t) = f(2t). t = 0.5 ला भिंतीवर शिखर पोहोचते आणि तेथे u = 3 असते. त्याच क्षणी कोणी g(0.5) = 0.5 अशी अट लादली, तर एकाच रेषेच्या दोन टोकांना दोन वेगळ्या किमती होतात आणि उकल उरतच नाही. म्हणून सीमा-अट लिहिण्याआधी त्या टोकाशी रेषा क्षेत्रात शिरत आहेत की क्षेत्रातून बाहेर पडत आहेत, हे पाहावे. शिरत असतील तेथेच अट द्यावी लागते, बाहेर पडत असतील तेथे ती देता येत नाही.

याच्याच टोकाला जाऊन, माहिती एखाद्या कॅरॅक्टरिस्टिक रेषेवरच दिली, म्हणजे x = 2t वर u किती ते सांगितले, तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. त्या रेषेवर u स्थिर असायलाच हवे; दिलेली किंमत बदलती असेल तर एकही उकल नाही. ती स्थिर असेल तर उकली अगणित आहेत, कारण बाकीच्या रेषा समांतर असल्यामुळे त्या या रेषेला कधी भेटतच नाहीत, आणि त्यांच्या पायथ्याशी काय होते ते कोणीच सांगितलेले नाही.